ऑफर आली; पगार आणि जॉइनिंगची तारीख एकाच मेलमध्ये कशी मागायची?

प्रश्न: मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे, 6 वर्षं झाली. सध्याचा सीटीसी 9.6 लाख. हिंजवडीतल्या एका कंपनीचं 12 लाखांचं ऑफर लेटर 5 जूनला आलं. ते म्हणतात 20 जुलैला जॉइन व्हा, पण माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. पगारही थोडा वाढवून हवा आहे. घरचे म्हणतात, मिळतंय ते घे, ताणू नकोस. ऑफर हातची जाणार नाही, पण माझं म्हणणंही ठाम राहील असा मेल कसा लिहू? माझ्या विभागातल्या दोघांना कंपनीने 60 दिवसांत सोडलं होतं. दोन्ही पगारांची फोड सोबत देते आहे.

उत्तर:

मी 18 वर्षं पुण्यात भरतीचं काम करते आहे. सभ्य शब्दांत आणि एकदाच पगार मागितला म्हणून ऑफर मागे घेतल्याचं मी फार क्वचित पाहिलं. ऑफर बिघडताना पाहिली ती बहुतेक वेळा वेगळ्या कारणांनी: आज पगार, परवा तारीख, चार दिवसांनी घरून काम असं हप्त्याहप्त्याने मागणं, नाहीतर खोटी दुसरी ऑफर दाखवणं. त्यामुळे मागावं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. काय मागायचं ते आधी हिशेबाने ठरवू, मग मेल.

तुम्ही दिलेली फोड घेऊन बसले. आताच्या 9.6 लाखांत मूळ पगार महिना 35,000. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी वजा केली की तुमच्या नावावर वर्षाला 8,89,400 रुपये उरतात, म्हणजे महिना सुमारे 74,100. त्यातून तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला की हातात साधारण 69,700 येतात. व्हेरिएबल काही नाही.

आता ऑफरचे 12 लाख. त्यात 1,20,000 व्हेरिएबल आहे. मूळ पगार महिना 45,000, त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ वर्षाला 64,800. ग्रॅच्युइटीचे सुमारे 26,000 आणि आरोग्य विम्याचा हप्ता 9,200, हे दोन्हीही सीटीसीतच धरले आहेत. हे सगळं काढलं की रोख उरतात 9,80,000. तुमचा पीएफ आणि 2,500 रुपये व्यवसाय कर वजा करून बाराने भागा: महिना सुमारे 76,000. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट असल्याने प्राप्तिकर दोन्हीकडे शून्य धरला आहे.

म्हणजे कागदावर पगार 25 टक्क्यांनी वाढला, पण दर महिन्याला बँकेत वाढले फक्त 9 टक्के. तुम्हाला ‘थोडा वाढवून हवाय’ असं वाटतंय त्याचं कारण इथे आहे, आणि मेलमध्येही हेच कारण यायला हवं. घरभाडं वाढलं, ईएमआय आहे, लग्न आहे ही कारणं खरी असली तरी कंपनीच्या मंजुरीच्या कागदावर ती बसत नाहीत. ‘ऑफरमधला 10 टक्के भाग व्हेरिएबल आहे, माझा सध्याचा पगार पूर्ण फिक्स्ड आहे’ हे वाक्य मात्र जसंच्या तसं बसतं.

म्हणून सीटीसीचा आकडा मागू नका, फिक्स्डचा मागा. 12 लाखांतला फिक्स्ड भाग 10,80,000 आहे. तुम्ही 11,80,000 मागा आणि व्हेरिएबल आहे तेवढंच राहू द्या. एकूण 13 लाख होतील आणि याच पद्धतीने फोड केली तर हातात महिना सुमारे 83,300 येतील, म्हणजे जवळजवळ 20 टक्के वाढ. नुसतं ‘13 लाख करा’ म्हटलंत तर वरचा लाख व्हेरिएबलमध्ये टाकून तुमची मागणी पूर्ण केल्याचं सांगता येतं. मी स्वतः कंपनीच्या बाजूने बसून असे प्रस्ताव तयार केले आहेत, म्हणून सांगते.

आकडा एकच द्या. ‘12.5 ते 13.5’ असं लिहिलं की समोरच्याच्या फाइलमध्ये 12.5 जातो. आणि ‘काही वाढवता आलं तर बघा’ लिहिलं तर काहीच जात नाही, कारण मंजुरी मागणाऱ्याला रकान्यात आकडा भरावा लागतो.

आता तारीख. ऑफरमधले 45 दिवस 5 जूनपासून मोजले आहेत. तुमचे 90 दिवस राजीनामा दिल्यापासून मोजले जातील. आणि राजीनामा तुम्ही सुधारित ऑफर लेटर हातात आल्याशिवाय द्यायचा नाही. समजा बोलणी आटपून तुम्ही 16 जूनला राजीनामा दिलात, तर 90 वा दिवस 13 सप्टेंबरला येतो. 20 जुलैला जॉइन व्हायचं तर जुन्या कंपनीत फक्त 34 दिवस भरतील, 56 दिवस कमी पडतील. दिवसाला सुमारे 2,470 रुपये धरले तर हा बायआउट 1,38,000 च्या घरात जातो. काही कंपन्या फक्त मूळ पगारावर मोजतात, काही पूर्ण पगारावर. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये काय लिहिलंय ते बघा.

हे लेटर आजच कपाटातून काढा. त्यात दोन प्रकारची वाक्यं असतात. एक असं: ‘कोणत्याही पक्षाला 90 दिवसांची नोटीस देऊन किंवा त्याऐवजी तेवढा पगार देऊन करार संपवता येईल.’ दुसरं असं: ‘नोटीस कमी करण्याचा निर्णय कंपनीच्या मर्जीवर राहील.’ पहिलं असेल तर तारीख तुमच्या हातात आहे, फक्त तिला किंमत आहे. दुसरं असेल तर मॅनेजरने सोडल्याशिवाय तुम्ही कोणतीही तारीख खात्रीने देऊ शकत नाही, आणि मग मेलमध्येही तसंच लिहायला लागेल. पैसे भरायची तयारी दाखवूनही रिलीव्हिंग लेटर अडकून पडल्याच्या घटना या दुसऱ्या वाक्यामुळेच होतात. आणि नवी कंपनी रिलीव्हिंग लेटर मागणारच. नाही मागितलं तरी पीएफच्या खात्यात आधीच्या कंपनीतून बाहेर पडल्याची तारीख दिसते, त्यामुळे दोन नोकऱ्यांचे दिवस एकमेकांवर चढले तर ते लपत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या विभागातल्या दोघांना 60 दिवसांत सोडलं. लेटरमधलं वाक्य पहिल्या प्रकारचं आहे असं समजू. मग 60 दिवस धरा. 16 जूनपासून 60 वा दिवस 14 ऑगस्ट, शुक्रवार. पुढचा सोमवार 17 ऑगस्ट. तीच तुमची तारीख. उरलेल्या 30 दिवसांचे पैसे कापले गेले तर सुमारे 74,000 जातील. ही रक्कम तुम्ही उचलायची तयारी ठेवा, कारण तारखेच्या मागणीला वजन याच तयारीमुळे येतं: ‘मी 90 दिवस मागत नाही, 30 दिवसांची सोय मी माझ्या बाजूने करते.’

दोन्ही मागण्या एकाच मेलमध्ये घाला. कारण सांगते. तुमचा मेल ज्या रिक्रूटरला जाईल, त्याच्या हातात पगार वाढवणं नसतं. तो मेल पुढे पाठवतो: हायरिंग मॅनेजरला, पगाराचं काम बघणाऱ्या टीमला, कधी त्यांच्याही वर. वर एवढंच लिहितो की ‘कृपया पाहून कळवावे’. तुम्ही फोनवर त्याला जे काही पटवून दिलं, ते त्या लोकांपर्यंत पोचत नाही. त्यांच्यापुढे असतो फक्त तुमचा मेल, आणि तोही ते दोन मीटिंगच्या मध्ये मोबाइलवर वाचतात. मेल असा हवा की तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला तो एकदा वाचून कळेल: मुलीला यायचं आहे, तिला अमुक हवं आहे, कारण हे, आणि हो म्हटलं की ती लगेच सही करणार. दोन वेगळे मेल केले तर मंजुरीचा हा फेरा त्या बिचाऱ्याला दोनदा करावा लागतो. दुसऱ्यांदा वरचे लोक ‘अजून काय काय मागणार आहे ही?’ असं विचारतात.

मेल पाठवायच्या आधी रिक्रूटरला दोन मिनिटांचा फोन करा. ‘ऑफर मिळाली, आनंद झाला. दोन मुद्दे आहेत, मेलवर लिहून पाठवते, म्हणजे तुम्हाला पुढे पाठवायला सोपं जाईल.’ एवढंच. फोनवर आकड्याची घासाघीस सुरू झाली तर ‘मेलमध्ये सगळं लिहिलं आहे, तो पाहून बोलू’ म्हणा. पगाराचा मेल अचानक येऊन थडकला की माणूस बचावात जातो. आधी कानावर घातलं की तोच तुमची बाजू मांडतो.

मेल तुम्ही इंग्रजीत पाठवाल हे उघड आहे. पण मसुदा मराठीत देते. आपलं म्हणणं आपल्या भाषेत नीट झालं की इंग्रजीत उगाच वाकून लिहिलं जात नाही.

> विषय: डिझाइन इंजिनिअर पदाची ऑफर – फिक्स्ड पगार आणि रुजू होण्याची तारीख
>
> नमस्कार,
>
> 5 जूनच्या ऑफरबद्दल मनापासून आभार. मुलाखतीत प्लास्टिक ट्रिमच्या नव्या प्रोजेक्टबद्दल जी चर्चा झाली, त्यानंतर याच टीममध्ये काम करायचं हे माझं ठरलं आहे. सही करण्यापूर्वी दोन गोष्टींवर आपला विचार व्हावा अशी विनंती आहे.
>
> पहिली, पगार. माझा सध्याचा पगार पूर्णपणे फिक्स्ड आहे. ऑफरमधील 12,00,000 पैकी 1,20,000 व्हेरिएबल असून विम्याचा हप्ताही सीटीसीमध्ये धरला आहे, त्यामुळे मासिक हातात येणाऱ्या रकमेत सुमारे 9 टक्केच वाढ होते. माझा 6 वर्षांचा अनुभव आणि या पदासाठी लागणारं टूलिंगपर्यंतचं काम मी स्वतंत्रपणे केलेलं असल्यामुळे फिक्स्ड पगार 11,80,000 करावा, ही विनंती. व्हेरिएबल आहे तसंच ठेवण्यास माझी हरकत नाही.
>
> दुसरी, तारीख. माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. त्यातले 60 दिवस पूर्ण करून आणि उरलेल्या 30 दिवसांची व्यवस्था माझ्या बाजूने करून मी सोमवार, 17 ऑगस्ट रोजी रुजू होऊ शकते. हातातलं काम नीट सोपवून येणं मला आवश्यक वाटतं, आणि त्याआधीची तारीख देऊन नंतर ती पुढे ढकलण्याची वेळ मला येऊ द्यायची नाही.
>
> या दोन्ही बाबी मान्य झाल्या तर सुधारित ऑफर लेटर मिळालेल्या दिवशीच मी सही करून पाठवेन आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन. शुक्रवार, 12 जूनपर्यंत आपलं उत्तर कळलं तर 17 ऑगस्टची तारीख पाळणं शक्य होईल. बोलायचं असल्यास मी रोज संध्याकाळी 6 नंतर फोनवर उपलब्ध आहे.
>
> आपली,

आभार पहिल्याच ओळीत आहेत आणि त्यांना एक खरा तपशील जोडला आहे. प्रोजेक्टचं मी नमुन्यादाखल लिहिलं. तुमच्या मुलाखतीत जे खरोखर बोलणं झालं ते तिथे घाला. ‘अशा नामांकित संस्थेत काम करण्याची संधी’ हे वाक्य कुठल्याही कंपनीला चालतं, म्हणून ते कुणी वाचत नाही. आणि आभार एकदाच. शेवटी पुन्हा ‘खूप खूप आभारी आहे, काही चुकलं असल्यास क्षमस्व’ लिहू नका. माफी मागितली की मागणी आपोआप खाली येते.

‘मान्य झाल्या तर त्याच दिवशी सही’ हे वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. मंजुरी देणाऱ्याला भीती असते की आपण लाख वाढवू आणि ही त्या ऑफरवर तिसरीकडे जाईल. ती भीती या वाक्याने जाते. अर्थात शब्द दिला तर पाळायचा. पुण्यात डिझाइनचं वर्तुळ लहान आहे. आज इथे असलेला रिक्रूटर उद्या दुसऱ्या कंपनीत भेटतो.

12 जूनची मुदत कारणासकट लिहिली आहे हेही बघा. कारण न देता ‘शुक्रवारपर्यंत कळवा’ म्हटलं तर ती धमकी वाटते. इथे मुदत तारखेच्या हिशेबातून आली आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला ती पटते. मेल सोमवारी, 8 जूनला सकाळी पाठवा, म्हणजे फेरा पूर्ण व्हायला पाच दिवस मिळतात.

एक गोष्ट मेलमध्ये मुद्दाम नाही: दुसरा पर्याय. ‘11,80,000 जमत नसेल तर जॉइनिंग बोनस तरी’ असं पहिल्याच मेलमध्ये लिहिलं की ते थेट दुसऱ्या पर्यायावर येतात. तो खिशात ठेवा.

उत्तर बहुतेक असं येईल: ‘फिक्स्ड 11,30,000 पर्यंत करता येईल, तारीख 17 ऑगस्ट चालेल.’ माझ्या मते तिथे थांबावं. हातात साधारण 79,700 येतात आणि तारीख मिळाली आहे. आणखी वीस हजारांसाठी दुसरी फेरी करू नका. फार तर फोनवर एकदा विचारा की ‘राहिलेल्या 50,000 चा जॉइनिंग बोनस देता येईल का?’ बोनस एकदाच द्यायचा असल्याने तो पगाराच्या बँडमध्ये अडकत नाही आणि तुमच्या बायआउटला हातभार लागतो. पण त्याची अट वाचा. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करावा लागतो.

पगारावर सरळ नकार आला तर तुमचा खालचा आकडा आधीच ठरलेला हवा. तो मेल पाठवण्यापूर्वी घरी बसून कागदावर लिहा. 76,000 वर जायला तुम्ही तयार असाल तर ‘समजलं, तारखेवर सहमती असेल तर मी ऑफर स्वीकारते’ असं लिहून मोकळ्या व्हा, मनात कडवटपणा न ठेवता. तयार नसाल तर तेवढंच स्वच्छ शब्दांत नाही म्हणा. ‘सहा महिन्यांनी रिव्ह्यू करू’ हे तोंडी आश्वासन मात्र पगारवाढ समजू नका. मी स्वतः एका नोकरीत या शब्दावर गेले होते. शब्द देणारा मॅनेजर पाचव्या महिन्यात सोडून गेला, नव्या मॅनेजरला त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि माझ्याकडे दाखवायला एक ओळसुद्धा नव्हती. रिव्ह्यू देणार असतील तर महिना आणि निकष ऑफर लेटरमध्ये लिहून मागा.

पगार मान्य, पण 20 जुलैच हवा असं म्हणाले तर तारखेची किंमत त्यांच्यापुढे ठेवा: ‘20 जुलैला येण्यासाठी मला 56 दिवसांचा बायआउट, सुमारे 1,38,000 रुपये भरावा लागेल. तो कंपनीने पावतीवर परत दिला तर मी येऊ शकते.’ हा आकडा समोर आला की बऱ्याचदा 17 ऑगस्टच चालतो. देतो म्हणाले तर कमाल रक्कम, किती दिवसांत मिळणार आणि सोडून गेल्यास परत द्यावी लागेल का, हे लेखी घ्या. ही रक्कम पगारात धरून तिच्यावर कर लागू शकतो, तेही विचारून घ्या. तुमच्या बाबतीत तिच्यामुळे वर्षाचं उत्पन्न सवलतीच्या मर्यादेपलीकडे जातं का, हे बघावं लागेल.

फोनवर ‘झालं तुमचं काम’ म्हटल्यावर लगेच राजीनामा देऊ नका. ‘सुधारित ऑफर लेटर आणि पगाराचं ॲनेक्शर मिळालं की लगेच सही करून पाठवते’ असा दोन ओळींचा मेल करा. लेटर आलं की चार ठिकाणी बोट ठेवून बघा: फिक्स्डचा आकडा, रुजू होण्याची तारीख, व्हेरिएबल पहिल्या वर्षी किती महिन्यांचं आणि कधी मिळणार, आणि ऑफरची वैधता कुठवर आहे. जुनीच तारीख तशीच राहून गेलेली मी अनेकदा पाहिली आहे, कारण पगाराचा रकाना बदलणारा वेगळा असतो आणि पत्राचा मजकूर जुन्या फाइलवरून उचललेला असतो. तारीख चुकली असेल तर सही करण्याआधीच दुरुस्त करून घ्या. 15 जूनला लेटर आलं तर 16 ला सकाळी राजीनाम्याचा मेल मॅनेजर आणि एचआर दोघांना एकत्र पाठवा आणि त्यात शेवटचा दिवस म्हणून 14 ऑगस्ट ही तारीख स्वतःच लिहा. त्यावर कंपनीचं होकाराचं उत्तर आलं की ते नव्या कंपनीच्या रिक्रूटरला लगेच फॉरवर्ड करा.